फ्लोट फुकट कधी असतो? विमा कंपनीचा खरा हिशोब



फ्लोटवरच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला: "सर, म्हणजे लोकांचे पैसे आधी घ्यायचे, गुंतवायचे, आणि नफा आपला. वॉरन बफे असाच मोठा झाला ना?" आजकाल रील्समध्येही हेच सांगतात. विमा कंपनी प्रीमियम आज घेते, क्लेम नंतर देते, मधल्या काळात पैसा फिरवते, बस्स.

हे अर्धं खरं आहे, आणि धंद्यात अर्धं खरं फार महागात पडतं. माझं मत आधीच स्पष्ट सांगतो. फ्लोट हे कर्ज आहे. त्याचं व्याज किती, हे ते घेताना माहीत नसतं, ते नंतर कळतं. ज्या कंपनीला रिस्कची किंमत नीट लावता येते तिला हे कर्ज फुकट पडतं, कधी कधी वर पैसेही मिळतात. जिला लावता येत नाही, तिला हाच फ्लोट बुडवतो. म्हणून गुंतवणुकीच्या आधी अंडररायटिंग समजून घ्यायला हवं.

आधी भाव कसा ठरतो ते बघू

अंडररायटिंग म्हणजे काय, तर कोणाची रिस्क घ्यायची, कोणत्या अटीवर, आणि किती प्रीमियमला, हे ठरवण्याचं काम. समजा एका विमा कंपनीकडे १००० दुकानं आहेत, किराणा, कापड, स्टेशनरी अशी. आकडे मी समजण्यासाठी सोपे धरतोय.

मागच्या अनुभवावरून कंपनीला दिसतं की अशा १००० दुकानांपैकी वर्षाला साधारण ५ दुकानांत आगीचं नुकसान होतं, आणि सरासरी क्लेम ३ लाखांचा असतो. म्हणजे एकूण १५ लाख. हे १००० दुकानांत वाटले की प्रत्येकी १,५०० रुपये. हा झाला रिस्कचा निव्वळ खर्च, आपल्या भाषेत मालाची खरेदी किंमत.

पण खरेदी किमतीला कोणी माल विकत नाही. एजंटचं कमिशन, ऑफिस, सर्व्हेअर, पगार असा प्रीमियमच्या ३० टक्के खर्च धरा. शिवाय एखाद्या वर्षी ५ ऐवजी ८ दुकानं जळू शकतात, त्यासाठी थोडी उशी लागते. म्हणून कंपनी प्रीमियम लावते २,४०० रुपये. आता हिशोब मांडा. जमा २४ लाख, खर्च ७ लाख २० हजार, क्लेम १५ लाख, शिल्लक १ लाख ८० हजार. प्रत्येक १०० रुपये प्रीमियममागे क्लेम आणि खर्च मिळून साडेब्याण्णव रुपये गेले. या आकड्याला कम्बाइंड रेशो म्हणतात. तो १०० च्या खाली असेल तर विम्याच्या मूळ धंद्यात नफा, वर असेल तर तोटा. गुंतवणुकीचं उत्पन्न यात धरत नाहीत.

आता शेजारी दुसरी कंपनी येते आणि तीच पॉलिसी १,९०० ला विकते. जमा १९ लाख, ३० टक्के खर्च म्हणजे ५ लाख ७० हजार, क्लेम तेच १५ लाख. तोटा १ लाख ७० हजार, कम्बाइंड रेशो जवळपास १०९. आग काही प्रीमियम बघून लागत नाही. भाव कमी केला म्हणून क्लेम कमी होत नाहीत.

आणखी एक गोष्ट. स्वस्त भावाकडे सगळ्यात आधी कोण धावतं? ज्याला मोठ्या कंपनीने जास्त भाव सांगितला तो. ज्याच्या दुकानाला लाकडी माळा आहे, ज्याचं वायरिंग जुनं आहे, ज्याच्या शेजारी फटाक्यांचं गोडाऊन आहे. म्हणून अंडररायटर विचारतो की बांधकाम कसलं आहे, आत काय साठवलंय, अग्निशमनाची सोय काय, आणि भिंतीपलीकडे कोण आहे. हे प्रश्न म्हणजे नुसता फॉर्म भरण्याचा त्रास नाही, भाव त्यावरच बसतो. आणि १००० दुकानं एकाच बाजारपेठेत असतील तर "१००० पैकी ५" हे गणितच लागू होत नाही. एक आग किंवा एक पूर, आणि शंभर क्लेम एकदम. म्हणून शहाणी कंपनी दुकानं वेगवेगळ्या गावांत पसरवते आणि मोठ्या नुकसानीचा काही भाग पुनर्विमा घेऊन दुसऱ्या कंपनीवर टाकते.

मग फ्लोट कुठून येतो?

आपल्याकडे विमा कायद्यात, १९३८ च्या कायद्याच्या कलम ६४ व्हीबीमध्ये, नियम आहे की प्रीमियम हातात आल्याशिवाय कंपनीने रिस्क घ्यायची नाही. उधारीचा प्रश्नच नाही. किती दुकानदारांना असा धंदा मिळतो सांगा, जिथे कायदाच म्हणतो की आधी रोख घ्या!

पण फ्लोट किती काळ टिकतो हे विम्याच्या प्रकारावर असतं. दुकानाच्या आगीत नुकसान डोळ्यासमोर असतं. सर्व्हेअर येतो, कागदपत्रं होतात, क्लेम बहुतेक वेळा काही महिन्यांत निकाली निघतो. पैसा थोडाच काळ कंपनीकडे राहतो. याउलट ट्रकने कोणाला धडक दिली, त्या थर्ड पार्टी क्लेमचं बघा. केस मोटार अपघात न्यायाधिकरणात जाते, पुरावे, तारखा, अपील, आणि पैसे द्यायची वेळ काही वर्षांनी येते. तोपर्यंत प्रीमियम कंपनीकडेच असतो. लांब चालणारे क्लेम म्हणजे मोठा फ्लोट.

अशा लांब क्लेमचा हिशोब करू. एका कंपनीला वर्षाला १ कोटी प्रीमियम मिळतो. खर्च २५ लाख. तिचा अंदाज की क्लेम ८० लाखांचे होतील आणि ते सरासरी ४ वर्षांनी द्यावे लागतील. म्हणजे दरवर्षी विम्याच्या धंद्यात ५ लाख तोटा. वेडेपणा वाटतो ना? पण थांबा. खर्च जाऊन दरवर्षी ७५ लाख हातात राहतात, आणि ४ वर्षं राहतात. काही वर्षांत कायम सुमारे ३ कोटी रुपये तिच्याकडे पडून असतात. जुने क्लेम जातात, नवे प्रीमियम येतात, पातळी तीच राहते, पाण्याच्या टाकीसारखी.

हे ३ कोटी ७ टक्क्यांनी गुंतवले तर वर्षाला २१ लाख. त्यातून ५ लाखांचा तोटा वजा केला तरी १६ लाख उरतात. दुसऱ्या शब्दांत, तिने ३ कोटींचं कर्ज वर्षाला ५ लाख व्याजाने घेतलं, म्हणजे सुमारे १.७ टक्क्यांनी. कोणती बँक देईल? भारतात साधारण विमा क्षेत्राचा एकत्रित कम्बाइंड रेशो कित्येक वर्षं १०० च्या वर राहिला, तरी कंपन्या चालत राहिल्या, त्यामागे गुंतवणुकीचं उत्पन्न आहे. आणि पहिल्या उदाहरणातली कंपनी आठवा, रेशो साडेब्याण्णव. तिला विम्यातच नफा आहे, म्हणजे लोकांचे पैसे सांभाळायचे वर पैसे मिळतात. बफेला हवा असतो तो हा फ्लोट.

आता गोम इथे आहे

वरच्या हिशोबात ८० लाख हा आकडा कुठून आला? अंदाजातून. ज्या वर्षी पॉलिसी विकली त्या वर्षी खरा आकडा कोणालाच माहीत नसतो. कंपनी फक्त तरतूद करते, त्याला रिझर्व्ह म्हणतात. काही अपघात तर झालेले असतात, पण क्लेम अजून आलेलाही नसतो. त्याचीही अंदाजाने तरतूद करावी लागते.

समजा प्रत्यक्षात उपचारांचा खर्च वाढला, न्यायाधिकरणं जास्त भरपाई देऊ लागली, आणि क्लेम ८० ऐवजी १०० लाखांचे निघाले. मग वर्षाचा तोटा ५ नाही, २५ लाख. तीन कोटींवर २५ लाख म्हणजे सव्वाआठ टक्क्यांहून जास्त व्याज, आणि गुंतवणुकीतून येतात ७ टक्के. कर्ज स्वस्त होतं असं वाटलं, ते महाग निघालं.

वाईट पुढेच आहे. हे कळतं कधी? पहिल्या वर्षाचे क्लेम मिटू लागल्यावर, म्हणजे चौथ्या वर्षाच्या आसपास. तोपर्यंत त्याच चुकीच्या भावाने चार वर्षं पॉलिसी विकून झालेल्या असतात. प्रत्येक वर्षी २० लाख कमी, म्हणजे ८० लाखांचा खड्डा, आणि ते पैसे त्या जुन्या ग्राहकांकडून परत मागता येत नाहीत. किराणा दुकानात चुकीचा भाव लावला तर महिनाअखेर गल्ला सांगतो. इथे गल्ला भरलेलाच दिसतो.

जो उशीर तुम्हाला पैसा देतो, तोच उशीर तुमची चूक लपवतो. फ्लोट जितका लांब, तितका भावाचा अंदाज कच्चा. रील्समध्ये नेमकं हेच कोणी सांगत नाही.

दोन कंपन्या, दोन वागणुकी

मार्च १९६७ मध्ये बफेच्या बर्कशायर हॅथवेने, जी तेव्हा मुळात एक कापड गिरणी होती, ओमाहामधली नॅशनल इन्डेम्निटी आणि तिची जोडीची छोटी कंपनी सुमारे ८६ लाख डॉलरला घेतली. ती उभी केली होती जॅक रिंगवॉल्ट यांनी १९४० मध्ये, सुरुवात टॅक्सीवाल्यांपासून, ज्यांचा विमा दुसरं कोणी उतरवत नव्हतं. रिंगवॉल्ट यांची धारणा अशी की रिस्क वाईट नसते, भाव वाईट असतो. योग्य भाव मिळाला तर टॅक्सीही चालते, न मिळाला तर सज्जन ग्राहकही नको.

१९७० मध्ये बर्कशायरचा फ्लोट ३.९ कोटी डॉलर होता. २०२४ अखेर तो सुमारे १७,१०० कोटी डॉलर झाला. हा आकडा सगळे सांगतात. मला दुसरा आकडा जास्त शिकवून जातो.

१९८६ मध्ये नॅशनल इन्डेम्निटीच्या पारंपरिक धंद्याचा प्रीमियम सुमारे ३६.६ कोटी डॉलर होता. नंतर बाजारात भाव पडले, स्पर्धक वाटेल त्या दराने पॉलिसी विकू लागले. या कंपनीने भाव कमी केला नाही. ग्राहक गेले, जाऊ दिले. १९९९ पर्यंत प्रीमियम सुमारे ५.५ कोटी डॉलरवर आला. सातपट धंदा कमी! तेरा वर्षं आकडा साधारण उतरत राहिला आणि मालक शांत बसला. पुढे भाव सुधारले, तेव्हा हीच कंपनी तयार होती, आणि २००४ मध्ये प्रीमियम ६० कोटी डॉलरच्या वर गेला.

हे जमलं कसं? बफेने २००४ सालच्या पत्रात हा तक्ता दिला आणि कारणही सांगितलं. कर्मचाऱ्यांना शब्द दिला होता की धंदा कमी झाला म्हणून कोणाची नोकरी जाणार नाही. विचार करा, ज्या माणसाची नोकरी टार्गेटवर आहे, तो भाव चुकीचा असला तरी पॉलिसी लिहिणारच. प्रीमियम आज दिसतो, क्लेम चार वर्षांनी येतो, तोवर तो दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. मोकळ्या बसलेल्या लोकांचे पगार हा त्या कंपनीला दिसणारा खर्च होता. चुकीच्या भावाच्या पॉलिसी हा न दिसणारा खर्च असता, आणि तो कितीतरी मोठा असता.

उलट उदाहरण गायको. १९३६ मध्ये सुरू झालेली मोटार विमा कंपनी. सरकारी कर्मचारी, म्हणजे जपून गाडी चालवणारे ग्राहक, आणि एजंट न ठेवता थेट विक्री, त्यामुळे खर्च कमी. उत्तम धंदा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती झपाट्याने वाढायच्या मागे लागली, जास्त रिस्कचे ग्राहक घेऊ लागली. त्याच काळात महागाई वाढली, दुरुस्ती आणि दवाखान्याचा खर्च वाढला, आणि तिची क्लेमची तरतूद तोकडी पडली. १९७५ मध्ये तोटा १२.६ कोटी डॉलर. १९७६ मध्ये ती बुडण्याच्या काठावर होती. नवे प्रमुख जॅक बर्न आले आणि त्यांनी भाव वाढवले, तोट्याच्या ठिकाणांतून कंपनी बाहेर काढली, हजारो लोक कमी केले. बफेने त्याच सुमारास शेअर घेतले, कारण स्वस्त खर्चाचा मूळ फायदा शाबूत होता, मोडलं होतं ते अंडररायटिंग.

दोन्ही कंपन्यांकडे फ्लोट होता. फरक पडला तो भाव न पटल्यास नाही म्हणण्यात.

बिघडतंय हे ओळखायचं कसं?

विमा कंपनीचा शेअर घ्यायचा असो किंवा नुसतं समजून घ्यायचं असो, मी तीन गोष्टी बघतो. एक, कम्बाइंड रेशो एका वर्षाचा नाही, सात-आठ वर्षांचा. एखादं पुराचं वर्ष वाईट असणारच, पण सतत ११५-१२० असेल तर कर्ज महाग पडतंय. दोन, जुन्या वर्षांच्या तरतुदी पुढे वाढवाव्या लागतात का? दरवर्षी "मागच्या वर्षांसाठी अजून थोडे" असं चाललं असेल तर आजचा नफाही खोटा असू शकतो. तीन, बाजारात भाव पडत असताना ही कंपनी सगळ्यात वेगाने वाढतेय का? तसं असेल तर ती बहुधा नव्या प्रीमियमच्या पैशातून जुने क्लेम भागवतेय. वाढ थांबली की ते उघडं पडतं.

आणि आपल्या धंद्याचं काय?

विमा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, तो प्रयोग करू नका. पण आगाऊ पैसे घेऊन नंतर सेवा देणारे तुमच्यात खूप आहेत. समजा तुम्ही एसी दुरुस्ती करता आणि वर्षाचं एएमसी ३,००० ला देता, सुटे भाग धरून. १०० ग्राहक म्हणजे ३ लाख हातात. हा तुमचा छोटा फ्लोट. त्या एएमसीत एक छोटी विमा पॉलिसी लपलेली आहे, कारण कोणाचा कॉम्प्रेसर जाईल ते तुम्हाला माहीत नाही.

म्हणून भाव लावण्याआधी वही काढा. १०० पैकी साधारण किती एसींचा कॉम्प्रेसर वर्षात जातो, बदलायला किती लागतात? समजा ६ जातात आणि प्रत्येकी १५,००० लागतात, म्हणजे ९०,००० रुपये, ग्राहकामागे ९००. दोन सर्व्हिस व्हिजिटचे प्रत्येकी ६०० धरले तर १,२००. किरकोळ भाग ३००. झाले २,४००. बाकी ६०० मध्ये ऑफिस, फोन आणि नफा. आता शेजारचा २,२०० ला देतो म्हणून तुम्हीही दिलंत, तर जानेवारीत खिसा गरम आणि मे महिन्यात कॉम्प्रेसरसाठी उसनवारी. आणि दहा वर्षं जुन्या एसीला नव्याच्याच भावात घेतलंत, तर जुने एसीवालेच तुमच्याकडे रांग लावतील. तिथे अंडररायटर व्हायचं. आधी मशीन बघायचं, मग भाव सांगायचा.

आणि ते ३ लाख? विमा कंपन्यांनाही सगळा पैसा मनाला येईल तिथे लावता येत नाही. ठराविक हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवावाच लागतो, आणि देण्यांच्या वर स्वतःचं भांडवल ठेवावं लागतं. आपल्याकडे आयआरडीएआयने ते गरजेच्या दीडपट ठरवलंय. तुमच्यावर असा कोणी नियामक नाही. म्हणून निदान भाग आणि व्हिजिटचे २,४०० गुणिले १०० म्हणजे २ लाख ४० हजार वेगळ्या खात्यात ठेवा. महिना सरला की त्या महिन्याची कामं झाल्यावर उरेल तेवढंच तुमचं. त्या पैशातून दुकानाचं फर्निचर करायचं नाही.

फ्लोट वापरायला माझा विरोध नाही. तो स्वस्तात मिळाला तर त्याच्यासारखं भांडवल नाही. विरोध आहे तो "आधी पैसे आले म्हणजे कमाई झाली" या समजुतीला. पैसे आले तेव्हा फक्त देणं सुरू झालं. कमाई झाली की नाही, ते शेवटचा क्लेम मिटल्यावर कळतं.

पुढच्या व्हिडिओत एएमसीचा भाव काढायची वही आपण एकत्र भरू. तोपर्यंत मागच्या वर्षीच्या तुमच्या जॉब शीट्स शोधून ठेवा. त्या नसतील तर भाव काढता येणार नाही.